वर्गांच्या बेरजेचं सूत्र स्वतः कसं काढायचं : घनांच्या वजाबाकीची वाट

मराठी माध्यमातून दहावी करून मुंबईत अकरावी सायन्सला आलात की कधी ना कधी हे सूत्र फळ्यावर येतं आणि अख्खा वर्ग ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतो :

```
1² + 2² + 3² + ... + n² = n(n+1)(2n+1)/6
```

पुढे विगमनाच्या धड्यात तेच सूत्र ‘सिद्ध करा’ म्हणून येतं आणि आपण सिद्धही करतो. पण विगमनाला सूत्र आधी हातात लागतं. ते खरं की खोटं एवढंच विगमन सांगतं, ते मुळात मिळालं कसं याबद्दल काहीच सांगत नाही. मी गिरगावातल्या मराठी शाळेतून आलो. खालचा सहा कुठला आणि मधलं (2n+1) कुठून टपकलं, हे प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस तसेच राहिले होते. आता संध्याकाळी परळला अकरावीची मुलं शिकायला येतात, त्यांचेही हेच दोन प्रश्न असतात.

हे सूत्र काढायच्या वाटा अनेक आहेत. मी इथे एकच देतो, घनांच्या वजाबाकीची, कारण तिच्यात आधी काहीच गृहीत धरावं लागत नाही आणि सूत्र विसरलात तर परीक्षेच्या हॉलमध्ये बसून पुन्हा काढता येतं.

हाताशी काय हवं

गणिताचं सामान अगदी थोडं आहे, आणि सगळं दहावीपर्यंतचं :

- (a + b)³ चा विस्तार, म्हणजे a³ + 3a²b + 3ab² + b³
- 1 + 2 + 3 + ... + n = n(n+1)/2 हे अंकगणिती श्रेढीतलं सूत्र
- सामाईक अवयव बाहेर काढण्याची सवय

शिवाय रेघांची दोन पानं आणि पेन्सिल. चौकटीची वही असेल तर जास्त चांगलं, कारण इथे ओळी एकाखाली एक नीट बसवाव्या लागतात. कॅल्क्युलेटर लागत नाही.

पायरी १ : आधी हाताने बेरजा करून ठेवा

पानाच्या वरच्या कोपऱ्यात हा तक्ता लिहा आणि शेवटपर्यंत खोडू नका.

```
n = 1 :  1
n = 2 :  1 + 4 = 5
n = 3 :  5 + 9 = 14
n = 4 :  14 + 16 = 30
n = 5 :  30 + 25 = 55
n = 6 :  55 + 36 = 91
```

उत्तर बरोबर आलं की नाही हे ठरवणारा पंच म्हणजे हा तक्ता. बीजगणितात एखादं चिन्ह इकडचं तिकडे झालं तर तो लगेच दाखवतो.

या तक्त्याकडे बघून बहुतेकांना दोन गोष्टी सुचतात आणि दोन्ही फसतात. पहिली म्हणजे, साध्या बेरजेचं सूत्र आहेच, तर त्याचाच वर्ग का करू नये? 1 + 2 + 3 = 6, त्याचा वर्ग 36. तक्त्यात मात्र 14 आहे. वर्गांची बेरीज वेगळी आणि बेरजेचा वर्ग वेगळा. सिग्मा चिन्ह वापरायला लागल्यावर ही चूक जास्त होते, कारण Σk² आणि (Σk)² घाईत सारखेच दिसतात.

दुसरी म्हणजे, साध्या बेरजेत आपण ओळ उलटी लिहून जोड्या लावतो, 1 ला 4 आणि 2 ला 3, प्रत्येक जोडी 5. तसंच इथे करू. करून बघा : 1 + 16 = 17, पण 4 + 9 = 13. जोड्या सारख्या येत नाहीत. साध्या संख्या ठरावीक अंतराने वाढतात, म्हणून एका टोकाला जेवढं वाढतं तेवढंच दुसऱ्या टोकाला कमी होतं. वर्गांमधलं अंतर मात्र 3, 5, 7, 9 असं वाढत जातं. त्यामुळे ही वाट इथेच सोडायची.

पायरी २ : घनांकडे का जायचं, ते समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पुढचं काम हाताने आपोआप होतं, डोकं इथेच लागतं.

आधी एक सोपी गोष्ट बघू. लागोपाठच्या दोन वर्गांची वजाबाकी केली तर काय उरतं?

```
(k+1)² - k² = 2k + 1
```

k² उडाला आणि एक घात खालची गोष्ट, म्हणजे k, शिल्लक राहिली. आता k = 1, 2, 3, 4 ठेवून चार ओळी लिहा आणि त्यांची बेरीज करा. डावीकडे 2² - 1², मग 3² - 2², मग 4² - 3², मग 5² - 4². एका ओळीतला अधिक 2² आणि दुसऱ्या ओळीतला उणे 2² एकमेकांना खातात. तसंच 3² आणि 4² चं होतं. टोकं तेवढी उरतात, 5² - 1² = 24. उजवीकडे (1+2+3+4) ची दुप्पट आणि चार वेळा 1. म्हणजे दुप्पट बेरीज 20, बेरीज 10. साध्या संख्यांची बेरीज जोड्या न लावता मिळाली.

यातून दिसतं काय? k ची बेरीज हवी होती म्हणून वर्गांची वजाबाकी केली. मग k² ची बेरीज हवी असेल तर एक घात वर चढायचं आणि घनांची वजाबाकी करायची. कॉलेजात याला टेलिस्कोपिंग म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ‘मधली पदं उडतात, टोकं राहतात’ एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ३ : पायाभूत समीकरण लिहा आणि तपासा

विस्ताराच्या सूत्रात a च्या जागी k आणि b च्या जागी 1 :

```
(k+1)³ = k³ + 3k² + 3k + 1
(k+1)³ - k³ = 3k² + 3k + 1
```

हे k च्या प्रत्येक किमतीला खरं आहे. तरी एक किंमत घालून बघाच. k = 2 घेतलं तर डावीकडे 27 - 8 = 19 आणि उजवीकडे 12 + 6 + 1 = 19. जुळलं. मधला 3k गाळून 3k² + 1 लिहिलेलं मी खूप वह्यांमध्ये पाहिलं आहे. तसं झालं असेल तर उजवीकडे 13 येईल आणि चूक इथल्या इथे सापडेल.

पायरी ४ : आधी n = 4 साठी सगळं उघडून लिहा

थेट n वर उडी मारू नका. चार ओळी पूर्ण लिहिल्या की सामान्य n साठी काय लिहायचं ते समोर दिसतं.

```
2³ - 1³ = 3·1² + 3·1 + 1
3³ - 2³ = 3·2² + 3·2 + 1
4³ - 3³ = 3·3² + 3·3 + 1
5³ - 4³ = 3·4² + 3·4 + 1
```

आता उभी बेरीज. डावीकडे 2³, 3³ आणि 4³ उडतात. पेन्सिलीने खरोखर काट मारा, मनातल्या मनात नको. उरतात 5³ आणि उणे 1³, म्हणजे 125 - 1 = 124.

उजवीकडे तीन उभे रकाने आहेत. पहिल्यात वर्गांच्या बेरजेची तिप्पट, आपल्याला हवी असलेली बेरीज तिथेच दडलेली आहे. तिला S म्हणू. दुसऱ्या रकान्यात 1 + 2 + 3 + 4 ची तिप्पट, म्हणजे 30. तिसऱ्यात चार वेळा 1, म्हणजे 4.

```
124 = 3S + 30 + 4
3S = 90
S = 30
```

वरच्या कोपऱ्यातला तक्ता बघा : n = 4 समोर 30.

या पायरीत दोन ठिकाणी पाय घसरतो. दोन्ही नीट सांगतो, कारण सूत्र चुकतं ते बहुधा इथेच.

पहिली जागा शेवटच्या ओळीची. चार वर्ग हवेत म्हणून डावीकडे 4³ वर थांबावंसं वाटतं. पण k = 4 च्या ओळीत डावीकडे 5³ - 4³ येतं. म्हणजे वरचं टोक (n+1)³ आहे, n³ नव्हे. चुकून 4³ - 1 = 63 घेतलं तर 3S = 63 - 34 = 29 येतं आणि 29 ला तीनने भाग जात नाही. ही चूक प्रत्येक n साठी अशीच उघडी पडते, भागाकार कधीच पूर्ण जात नाही. पूर्ण संख्यांच्या वर्गांची बेरीज अपूर्णांकात आली की आधी वरचं टोक तपासा.

दुसरी जागा तिसऱ्या रकान्याची आहे आणि ती जास्त धोक्याची. प्रत्येक ओळीत एकेक 1 आहे, ओळी चार आहेत, म्हणून बेरीज 4. सामान्य n साठी ती n होते. पण ‘अधिक 1’ हे समीकरणात एकदाच दिसतं, म्हणून बेरजेतही एकदाच लिहिलं जातं. तसं केलं तर 3S = 124 - 30 - 1 = 93 आणि S = 31. पूर्ण संख्या आली, म्हणजे भागाकार काहीच इशारा देत नाही. तक्ता नसेल तर 31 बरोबरच वाटेल. n = 1 घालून तपासलं तरीही चूक सापडत नाही, कारण तिथे एकच ओळ असते आणि एकच 1 असतो. म्हणूनच n = 1 जुळलं की सूत्र बरोबर, असं धरून चालू नका. निदान n = 2 आणि n = 3 तरी घालाच.

पायरी ५ : चारच्या जागी n

आता वरच्याच ओळी n पर्यंत जातात असं समजा. शेवटची ओळ :

```
(n+1)³ - n³ = 3·n² + 3·n + 1
```

सगळ्यांची बेरीज :

```
(n+1)³ - 1 = 3S + 3·n(n+1)/2 + n
```

डावीकडे वरचं टोक वजा खालचं टोक. उजवीकडे तेच तीन रकाने. कोणता तुकडा कुठून आला हे चारच्या उदाहरणाशी ताडून बघा : 124 च्या जागी (n+1)³ - 1, 30 च्या जागी 3·n(n+1)/2, आणि 4 च्या जागी n.

पायरी ६ : आवराआवर, पण कंस न फोडता

इथे आल्यावर पहिला मोह होतो तो (n+1)³ फोडायचा. फोडलं तरी उत्तर येतं, पण शेवटी 2n³ + 3n² + n चे अवयव पाडत बसावं लागतं. त्यापेक्षा (n+1) जसंच्या तसं सांभाळा.

S सोडून सगळं एका बाजूला आणा. उणे 1 आणि उणे n ही दोन सुटी पदं उरतील. ती एकत्र करून उणे (n+1) लिहा. ही एक गोष्ट केली की पुढचं सगळं सुटतं, कारण आता प्रत्येक पदात (n+1) आहे.

```
3S = (n+1)³ - (n+1) - 3n(n+1)/2
3S = (n+1) · [ (n+1)² - 1 - 3n/2 ]
3S = (n+1) · [ n² + 2n - 3n/2 ]
3S = (n+1) · [ n² + n/2 ]
3S = (n+1) · n(2n+1)/2
 S = n(n+1)(2n+1)/6
```

चौथ्या ओळीतून पाचव्या ओळीत जाताना n² + n/2 चं n(2n+1)/2 होतं. मुलं इथे अडखळतात. n² म्हणजे 2n²/2, एवढं लिहिलं की दोन्हींचा छेद सारखा होतो आणि n बाहेर निघतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं वहीतच आहेत. खालचा सहा म्हणजे तीन गुणिले दोन. तीन आला 3k² मधून, कारण घनांच्या वजाबाकीत प्रत्येक वर्ग तीनदा येतो. दोन आला साध्या बेरजेच्या n(n+1)/2 मधून. आणि (2n+1) म्हणजे n² मध्ये n/2 मिळवून जे उरलं ते.

पायरी ७ : पडताळा

तक्त्याशी जुळवा. n = 2 साठी 2·3·5/6 = 5. n = 3 साठी 3·4·7/6 = 14. n = 6 साठी 6·7·13/6 = 91. सगळं जुळतं.

सूत्र प्रत्येक n साठी खरं आहे का, याचाही एक झटपट पडताळा आहे. n पर्यंतच्या बेरजेतून n-1 पर्यंतची बेरीज वजा केली तर फक्त n² उरायला हवा. सूत्रात n च्या जागी n-1 ठेवलं की (n-1)·n·(2n-1)/6 येतं. दोन्हींत n/6 सामाईक आहे, तो बाहेर काढा :

```
n/6 · [ (n+1)(2n+1) - (n-1)(2n-1) ]
= n/6 · [ (2n² + 3n + 1) - (2n² - 3n + 1) ]
= n/6 · 6n
= n²
```

याला n = 1 ची जोड दिली की विगमनाची सिद्धता झालीच. धड्यातली सिद्धता हेच करते, फक्त n वरून n+1 कडे जाते. एकदा सूत्र स्वतः काढल्यावर विगमनाची ती दोन पानं फार हलकी वाटतात.

हे सूत्र आपल्याकडे फार जुनं आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आर्यभटीयातल्या गणितपादात ते श्लोकात दिलं आहे : तीन राशींच्या गुणाकाराचा सहावा भाग. तिथे बेरजेकडे रास म्हणून पाहिलं आहे, वर एक, खाली चार, त्याखाली नऊ. पुढे केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावरच्या भाष्यात हे आकृतीने समजावलं : अशा सहा सारख्या राशी जोडल्या की n, (n+1) आणि (2n+1) बाजूंची एक भरीव पेटी तयार होते. लाकडी ठोकळे असतील तर n = 2 साठी करून बघा. पाच-पाच ठोकळ्यांच्या सहा राशी म्हणजे तीस ठोकळे, आणि पेटी 2 × 3 × 5 ची. तिथला सहा हाताने मोजता येतो.

पायरी ८ : वापरताना मधली बेरीज

सूत्र नेहमी 1 पासून सुरू होतं. गणितात मात्र बेरीज मधूनच सुरू होते, आणि तयार झालेली मुलंही इथे गुण घालवतात.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा दादरला फळवाले मोसंबी चौरस थरांत रचतात तशी एक रास घ्या. वरचं प्रत्येक फळ खालच्या चार फळांमधल्या खोबणीत बसतं, म्हणून प्रत्येक थराची बाजू एकने कमी होते. समजा खालचा थर 10 × 10 चा आहे आणि वरची फळं विकली गेल्यामुळे सगळ्यात वर 5 × 5 चा पूर्ण थर उरला आहे. एकूण मोसंबी किती?

हवी आहे 5² ते 10² ची बेरीज. 10 पर्यंतची बेरीज 10·11·21/6 = 385. तिच्यातून जे थर नाहीत ते वजा करायचे. नसलेले थर 1, 2, 3 आणि 4 बाजूंचे आहेत, म्हणून वजा करायची ती 4 पर्यंतची बेरीज, 30. उत्तर 385 - 30 = 355. बेरीज ‘5 पासून’ आहे म्हणून 5 पर्यंतची 55 वजा केली तर 330 येतं, म्हणजे वर समोर दिसणारा पंचवीस फळांचा थरच गायब होतो. शंका आली तर 25 + 36 + 49 + 64 + 81 + 100 करून बघा, 355 येतात.

विषम संख्यांच्या वर्गांची बेरीज मागितली तरी नवं सूत्र पाठ करायची गरज नाही. 1² + 3² + 5² + 7² + 9² हवी असेल तर 10 पर्यंतची सगळी बेरीज घ्या आणि सम संख्यांचे वर्ग काढून टाका. सम वर्ग म्हणजे 2², 4², 6², 8², 10². प्रत्येकातून 4 बाहेर काढला की आत 1² ते 5² उरतात, त्यांची बेरीज 55. म्हणून 385 - 4·55 = 165. इथे 4 च्या जागी 2 काढणं ही नेहमीची चूक. संख्या दुप्पट झाली की वर्ग चौपट होतो.

घनांच्या बेरजेचं सूत्र हवं असेल तर आता वाट माहीत आहे. एक घात वर जायचं आणि (k+1)⁴ - k⁴ = 4k³ + 6k² + 4k + 1 पासून सुरुवात करायची. उजवीकडे या वेळी चार रकाने पडतील. त्यातल्या दुसऱ्या रकान्यात आत्ता काढलेलं सूत्र वापरावं लागेल, आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा n येईल, 1 नाही.